अरुंद तोंडाचा थर्मास: चहाचा डाग आणि कुबट वास घालवण्याचा क्रम

अरुंद तोंडाच्या थर्मासमध्ये हात जात नाही, घासणी तळापर्यंत पोहोचत नाही आणि आतली भिंत नीट दिसतही नाही. त्यामुळे अशा भांड्याची स्वच्छता घासण्यावर कमी आणि भिजवण्यावर अधिक अवलंबून असते. भिजवण्याचा परिणाम मात्र आत कोणता मळ आहे आणि त्यावर कोणता पदार्थ चालतो यावर ठरतो. दुधाचा चहा रोज भरल्या जाणाऱ्या स्टीलच्या थर्मासमध्ये एकच मळ नसतो. तेथे दुधाचा, चहाच्या रंगाचा आणि पाण्यातील क्षारांचा असे तीन वेगळे मळ एकमेकांवर बसलेले असतात, आणि यांपैकी एकाला विरघळवणारा पदार्थ दुसऱ्यावर जवळजवळ निष्प्रभ ठरतो. व्हिनेगर, लिंबू, सोडा आणि साबण असे सारे उपाय करूनही डाग राहिल्याची तक्रार बहुधा यातूनच उद्भवते, कारण उपाय योग्य असले तरी ते चुकीच्या क्रमाने किंवा एकत्र मिसळून केलेले असतात. म्हणून प्रस्तुत लेखात प्रथम हे थर कसे बसतात ते पाहून, नंतर एका थर्मासच्या उदाहरणातून सफाईचा क्रम सविस्तर मांडला आहे.

थर कसे बसतात

चहाच्या पानांत पॉलिफेनॉल नावाच्या द्रव्यांचा गट असतो, ज्याला व्यवहारात टॅनिन असेही म्हटले जाते. ही द्रव्ये हवेतील ऑक्सिजनच्या संपर्कात आली की परस्परांशी जोडली जाऊन मोठे, गडद तपकिरी रंगाचे रेणू तयार होतात. चहा थंड होत असताना पृष्ठभागावर दिसणारी पातळ, चकाकणारी साय याच रेणूंची असते. परंतु ती केवळ चहापासून तयार होत नाही. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधील मायकेल स्पायरो आणि डिओग्रेशियस जगान्यी यांनी १९९३ मध्ये दाखवून दिले की ही साय धरण्यासाठी पाण्यात कॅल्शियम आणि बायकार्बोनेट हे दोन्ही घटक असावे लागतात. म्हणजेच पाणी जितके जड, तितका चहाचा थर लवकर आणि जाड बसतो. बोअरवेलचे पाणी वापरणाऱ्या घरांत चहाची भांडी अधिक लवकर काळवंडतात त्यामागे हेच कारण असते, आणि लिंबू पिळलेल्या कोऱ्या चहात ही साय जवळजवळ धरत नाही याचेही कारण हेच आहे, कारण लिंबातील आम्ल कॅल्शियमला बांधून ठेवते.

महाराष्ट्रातील बहुतेक घरांत चहा दूध घालून उकळला जातो, आणि त्यामुळे या थरात आणखी दोन घटक मिसळतात. दुधातील प्रथिने चहाच्या पॉलिफेनॉलना चिकटतात आणि भिंतीवर एक चिवट पापुद्रा तयार करतात, तर दुधातील स्निग्धांश त्या पापुद्र्यावर तेलकट लेप चढवतो. चहाचा रंग आरोग्याला अपाय करीत नाही. त्रास होतो तो दूध आणि साखर यांच्या अवशेषांमुळे, कारण त्यांवर जीवाणू पोसले जातात. जीवाणू भिंतीला चिकटले की स्वतःभोवती एक बुळबुळीत आवरण तयार करतात, ज्याला जैवपटल म्हणतात. या आवरणाखालचे जीवाणू साध्या पाण्याने खळबळून निघत नाहीत. आंबूस किंवा कुबट वास बहुतेक वेळा येथून येतो, आणि खडबडीत तपकिरी थर जितका जाड, तितकी या पटलाला धरून राहायला जागा अधिक मिळते.

मळाची ओळख

सफाईला सुरुवात करण्यापूर्वी थर्मास पूर्ण कोरडा करून आत विजेरीचा किंवा मोबाइलचा प्रकाश टाकावा, आणि नंतर भिंत पाण्याने ओली करून पुन्हा पाहावे. कोरडेपणी दिसणारा पांढुरका, खडूसारखा थर भिंत ओली होताच दिसेनासा होत असेल, तर तो क्षारांचा थर समजावा. ओले झाल्यावरही तपकिरी रंग तसाच दिसत असेल, तर तो चहाचा थर होय. पाण्याचे थेंब भिंतीवरून सरळ न ओघळता ठिकठिकाणी गोळा होऊन राहत असतील, तर तेथे स्निग्धांश शिल्लक आहे. स्टीलवर निळसर, जांभळट किंवा इंद्रधनुषी छटा दिसत असेल, तर तो क्षारांचा किंवा धातूच्या ऑक्साइडचा अतिशय पातळ लेप असतो आणि तो निरुपद्रवी असतो. तांबूस ठिपके मात्र वेगळे लक्षण आहे. ते पाण्यातील लोहामुळे पडलेले असू शकतात किंवा स्टील खरोखर गंजू लागल्याचेही असू शकतात, आणि त्यांतील फरक सफाईनंतरच कळतो.

वासाची ओळख स्वतंत्रपणे करावी लागते. थर्मास आणि त्याचे झाकण दोन्ही साध्या पाण्याने धुऊन, वेगवेगळे ठेवून, काही वेळाने प्रत्येकाचा वास घ्यावा. अनेकदा थर्मासला वास नसतो आणि सारा वास झाकणातून, विशेषतः त्यातील रबरी किंवा सिलिकॉनच्या रिंगमधून येत असतो. ही चाचणी न करता केवळ आतली भिंत धुतली, तर चकचकीत झालेल्या थर्मासमधून पुन्हा तोच वास येतो आणि सारा उपाय वाया गेल्यासारखा वाटतो.

चार द्रव्ये आणि त्यांची कामे

या कामाला चार द्रव्ये पुरतात. पहिले द्रव्य म्हणजे भांडी घासण्याचा द्रवरूप साबण, जो स्निग्धांश सोडवतो. पण तपकिरी रंगावर त्याचा विशेष परिणाम होत नाही. दुसरे द्रव्य सोडियम परकार्बोनेट होय. कपड्यांवरील डाग काढण्यासाठी ऑक्सिजन ब्लीच म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक पावडरींत हा मुख्य घटक असतो. पाण्यात विरघळल्यावर त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड आणि धुण्याचा सोडा सुटे होतात; सोडा प्रथिनांचा पापुद्रा सैल करतो आणि पेरॉक्साइड चहाच्या रंगीत रेणूंची मोडतोड करून त्यांचा रंग नाहीसा करतो. पावडर घेताना तिच्यात सुगंध, रंग किंवा इतर साबण मिसळलेला नाही हे वेष्टनावर पाहून घ्यावे, कारण सुगंध रिंगमध्ये मुरतो आणि नंतर चहाला लागतो. अशी पावडर नसेल, तर कवळी स्वच्छ करण्याच्या गोळ्याही चालतात, कारण त्यांतही ऑक्सिजन सोडणारे घटक असतात.

तिसरे द्रव्य खाण्याचा सोडा. तो सौम्य अल्कली असल्यामुळे आंबूस वास देणाऱ्या आम्लांना शमवतो आणि नव्या, पातळ डागांवर उपयोगी पडतो. परंतु त्यात रंग मोडणारे पेरॉक्साइड नसल्यामुळे अनेक महिन्यांच्या जुन्या थरावर तो अपुरा ठरतो. चौथे द्रव्य म्हणजे सायट्रिक आम्ल, जे किराणा दुकानात लिंबाचे फूल किंवा लिंबूसत्त्व या नावाने मिळते. ते क्षारांचा थर विरघळवते. त्याऐवजी पांढरे व्हिनेगर वापरता येते, मात्र त्याचा स्वतःचा वास रिंगमध्ये राहतो, म्हणून थर्माससाठी लिंबूसत्त्व अधिक सोयीचे.

अल्कली आणि आम्ल या दोहोंचा उपयोग असला, तरी ते एकाच वेळी वापरू नयेत. सोडा आणि व्हिनेगर एकत्र केल्यावर जो फेस उसळतो, तो केवळ कार्बन डाय ऑक्साइड वायूचा असतो. त्या प्रक्रियेत दोन्ही द्रव्ये एकमेकांना निष्प्रभ करतात आणि मागे बहुतांशी मिठासारखा एक निरुपयोगी क्षार पाण्यात उरतो. फेसाच्या हालचालीने थोडा सैल मळ निघतो हे खरे, पण दोन द्रव्यांनी वेगवेगळे जे काम झाले असते ते या मिश्रणातून होत नाही.

एका थर्मासची सफाई, पायरीपायरीने

एक लिटर मापाचा, दुहेरी भिंतीचा स्टीलचा थर्मास उदाहरणादाखल घेता येईल. त्यात रोज सकाळी दूध, साखर आणि आले घातलेला चहा भरला जातो, चहा संपल्यावर तो संध्याकाळपर्यंत झाकण लावून तसाच राहतो, रात्री साबणाच्या पाण्याने खळबळला जातो आणि झाकण लावून ठेवला जातो; घरात पाणी बोअरवेलचे आहे. काही महिन्यांत त्याची आतली भिंत खांद्यापर्यंत गडद तपकिरी झाली आहे आणि झाकण उघडताच आंबूस वास येतो. अशा थर्मासमध्ये तिन्ही थर असणार हे वापराच्या पद्धतीवरूनच कळते.

पहिली पायरी गार किंवा कोमट पाण्याने धुण्याची आहे. येथे कढत पाणी वापरू नये, कारण उष्णतेने दुधातील प्रथिने घट्ट होऊन भिंतीला अधिक चिकटतात. दोन-तीन वेळा पाणी बदलून धुतल्यावर थर्मासमध्ये पाव भाग कोमट पाणी, साबणाचे काही थेंब आणि दोन मोठे चमचे कच्चे तांदूळ घालून, झाकण लावून मिनिटभर जोरात हलवावे. मधूनमधून थर्मास आडवा करून गोल फिरवावा, म्हणजे तांदूळ खांद्याच्या वळणावरही घासले जातात. तांदूळ स्टीलपेक्षा मऊ असल्याने ओरखडे पडत नाहीत, आणि हात न पोहोचणाऱ्या जागी घासणीचे काम तेच करतात. काम होताच ते चाळणीवर ओतून काढावेत. आत राहिले तर फुगतात आणि नव्या वासाला कारण होतात. लांब दांड्याचा, नायलॉनच्या केसांचा बाटली धुण्याचा ब्रश तोंडातून जात असेल, तर तांदळांऐवजी तो वापरणे अधिक चांगले. ही पायरी संपली की पाणी भिंतीवरून सलग ओघळावे; ते थेंबाथेंबाने तुटत असेल, तर साबणाची फेरी पुन्हा करावी, कारण तेलकट लेपाखालच्या थरापर्यंत पुढचे द्रव्य पोहोचत नाही.

दुसरी पायरी रंग काढण्याची. थर्मास मोरीत किंवा सिंकमध्ये उभा ठेवून त्यात चहाच्या चमच्याने एक सपाट चमचा, म्हणजे सुमारे ५ ग्रॅम, सोडियम परकार्बोनेट घालावे आणि त्यावर सुमारे ६० अंश सेल्सियसचे पाणी हळूहळू, तोंडापर्यंत ओतावे. उकळते पाणी आणि नळाचे पाणी समप्रमाणात मिसळले की साधारण एवढे तापमान मिळते. पाणी तोंडापर्यंत भरणे आवश्यक असते, कारण चहाचा सर्वांत गडद पट्टा बहुधा खांद्यावर आणि मानेत, म्हणजे चहा आणि हवा जेथे भेटतात तेथे असतो. द्रावणातून ऑक्सिजनचे बुडबुडे निघत राहतात आणि अरुंद तोंडामुळे फेस वर येऊन बाहेर सांडतो. म्हणून थर्मास सिंकमध्येच ठेवावा आणि पावडर एकदम जास्त घालू नये.

या पायरीत झाकण कधीही लावू नये. वायू निघत असताना बंद केलेल्या थर्मासमध्ये दाब वाढत जातो आणि झाकण उडून इजा होऊ शकते. सोडा आणि आम्ल यांचे मिश्रण बंद करण्यातही हाच धोका आहे, आणि गरम साबणाचे पाणी भरून, झाकण लावून हलवल्यासही आतली हवा तापून द्रव बाहेर उसळतो.

तीस मिनिटांनी थोडे द्रावण ओतून पाहावे. ते पिवळट किंवा तपकिरी झाले असेल, तर थर सुटत असल्याची खूण समजावी आणि आणखी अर्धा तास ठेवावे. दुहेरी भिंतीमुळे थर्मासमधील पाणी बराच वेळ गरम राहते आणि ही गोष्ट येथे फायद्याची ठरते, कारण परकार्बोनेट गार पाण्यात फार मंद काम करते. तासाभराने द्रावण ओतून देऊन तीन वेळा स्वच्छ पाण्याने धुवावे. डागाची पुसट सावली उरली असेल, तर तेवढेच प्रमाण घेऊन दुसरी फेरी करावी; एकाच वेळी तिप्पट पावडर घालण्यापेक्षा दोन फेऱ्यांचा परिणाम चांगला होतो, कारण पेरॉक्साइडचा जोर काही काळाने संपतो आणि नव्या फेरीत तो पुन्हा मिळतो. परकार्बोनेट उपलब्ध नसेल, तर दोन मोठे चमचे खाण्याचा सोडा गरम पाण्यात विरघळवून थर्मास रात्रभर उघडा ठेवावा आणि सकाळी ब्रश फिरवावा. जुन्या डागाला अशा तीन-चार फेऱ्या लागू शकतात.

तिसरी पायरी क्षारांची आहे आणि ती सर्वांनाच करावी लागते असे नाही. थर्मास वाळवून आत प्रकाश टाकल्यावर या उदाहरणातील भिंतीवर तपकिरी रंगाऐवजी पांढुरका, किंचित खरखरीत थर दिसेल, कारण अल्कली द्रावणाने रंग नाहीसा केला असला तरी कॅल्शियमचा थर जसाच्या तसा राहतो. त्यासाठी एक लिटर कोमट पाण्यात चहाचे दोन चमचे, म्हणजे सुमारे १० ग्रॅम, लिंबूसत्त्व विरघळवून ते थर्मासमध्ये अर्धा तास उघडे ठेवावे. थर जाड असेल तर बारीक बुडबुडे दिसतात. ते थांबले की एक तर थर संपलेला असतो किंवा आम्ल संपलेले असते, आणि पुन्हा पाहिल्याशिवाय यांतले काय घडले ते कळत नाही. द्रावण ओतल्यावर पुन्हा तीन वेळा धुवावे. इंद्रधनुषी छटा असतील, तर त्याही याच पायरीत पुष्कळशा जातात. तांबूस ठिपके आम्लाने गेले आणि परत आले नाहीत, तर ते पाण्यातील लोहाचे होते असे समजावे. काही दिवसांत त्याच जागी पुन्हा उमटले किंवा ब्रश फिरवताना ती जागा खडबडीत लागली, तर स्टीलवर खड्डे पडू लागले आहेत आणि तो थर्मास पेयांसाठी वापरू नये.

प्रथम साबण, मग अल्कली आणि पेरॉक्साइड, शेवटी आम्ल असा क्रम ठेवण्याचे कारण आता स्पष्ट होते. आम्ल आधी वापरले, तर तेलकट आणि प्रथिनांच्या लेपाखाली दडलेल्या क्षारांपर्यंत ते पोहोचत नाही, आणि दुधाची प्रथिने आम्लात विरघळण्याऐवजी साकळतात. उलट वरचे दोन लेप निघून गेल्यावर उघड्या पडलेल्या क्षारांवर थोडेसे आम्लही पुरते.

झाकण आणि रिंग

झाकणाचे सर्व भाग सुटे करणे ही वासाच्या बाबतीत सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. रिंग लाकडी काडीने किंवा चमच्याच्या बोथट दांड्याने उचलून काढावी; सुरीच्या टोकाने तिच्यावर चिरा पडतात आणि त्या चिरांत पुढे मळ साचतो. रिंगखालची खाच, झाकणाचे आटे आणि बटण दाबून ओतण्याच्या झाकणातील आतली वाट या तीन जागी दूध-साखरेचा चिकट गाळ सापडतो. सारे भाग एका वाडग्यात, वर सांगितलेल्या प्रमाणातील परकार्बोनेटच्या द्रावणात अर्धा तास ठेवून जुन्या, मऊ टूथब्रशने घासावेत. बटणाचे झाकण असेल तर ते द्रावणात बुडवून बटण अनेक वेळा दाबावे, म्हणजे द्रावण आतल्या वाटेतून फिरते, आणि नंतर तसेच स्वच्छ पाण्यातही करावे.

सिलिकॉन आणि रबर ही द्रव्ये वास स्वतःत शोषून घेतात. म्हणून पृष्ठभाग स्वच्छ झाला तरी रिंगला वास राहू शकतो. अशा वेळी ती खाण्याच्या सोड्याच्या द्रावणात रात्रभर ठेवून दुसऱ्या दिवशी हवेशीर जागी पूर्ण वाळवावी. त्यानंतरही वास येत असेल, किंवा रिंगवर घासूनही न निघणारे काळे ठिपके असतील, तर रिंग बदलणे हाच उपाय उरतो. काळे ठिपके बुरशीचे असतात आणि ती रिंगच्या आत शिरलेली असल्यामुळे वरून घासून तिचा उपद्रव संपत नाही.

काच आणि प्लॅस्टिक

काचेच्या नळीचा थर्मास असेल, तर द्रव्ये आणि क्रम तेच राहतात. पण घासण्याचा भाग जवळजवळ सोडून द्यावा लागतो. आतली काच पातळ असते, आणि दोन भिंतींमधील निर्वातामुळे तिच्यावर बाहेरच्या हवेचा दाब सतत असतो; त्यामुळे खडे, अंड्याची कवचे किंवा तारेचा ब्रश यांनी पडलेला बारीकसा ओरखडाही पुढे तडा जाण्याचे कारण होऊ शकतो. गार काचेत एकदम कढत पाणी ओतू नये. प्रथम कोमट पाण्याने नळी उबदार करून मग गरम द्रावण भरावे. काचेला डाग घट्ट धरत नसल्यामुळे परकार्बोनेटची एक फेरी आणि मऊ ब्रश एवढे सहसा पुरते. धुताना ओतलेल्या पाण्यात चमकणारे पातळ कण दिसले, तर नळी तडकली आहे असे समजून तो थर्मास वापरातून काढावा.

प्लॅस्टिकच्या अरुंद तोंडाच्या बाटल्यांचा प्रश्न बहुधा डागाचा नसून वासाचा असतो. पिण्याच्या पाण्याच्या ज्या साध्या बाटल्या विकत मिळतात, त्यांचे पीईटी प्लॅस्टिक गरम पाण्याने मऊ होऊन बाटली वेडीवाकडी होते, म्हणून त्यांत हाताला सोसवेल एवढेच कोमट द्रावण भरावे आणि गरमपणाची उणीव वेळ वाढवून भरून काढावी. परकार्बोनेटचे तेच प्रमाण घेऊन बाटली उघडी ठेवून रात्रभर भिजवणे योग्य. भिंतीला बोट लावल्यास बुळबुळीत लागत असेल, तर भिजवण्यापूर्वी तांदूळ आणि साबणाची फेरी आवश्यक असते, कारण जैवपटल घासल्याशिवाय फाटत नाही. प्लॅस्टिकवर ओरखडे पडले असतील किंवा सरबताचा वास त्यात मुरला असेल, तर दोन फेऱ्यांनंतर तिसरी करण्यात अर्थ नसतो. तांबे आणि ॲल्युमिनियम यांच्या बाटल्यांना मात्र हा क्रम लागू करू नये. परकार्बोनेटमधून निघणारा धुण्याचा सोडा ॲल्युमिनियमला खातो, आणि आम्लामुळे तांबे पाण्यात उतरते.

ज्या गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात

सोडियम हायपोक्लोराइटचे ब्लीच, म्हणजे पांढऱ्या कपड्यांसाठी मिळणारे क्लोरिनयुक्त द्रावण, स्टीलच्या थर्मासमध्ये वापरू नये. स्टील गंजत नाही ते त्याच्या पृष्ठभागावरील क्रोमियम ऑक्साइडच्या अतिशय पातळ थरामुळे. क्लोरिनयुक्त द्रावण आणि क्लोराइड हा थर ठिकठिकाणी फोडतात आणि तेथे बारीक खड्डे पडतात. याच कारणाने मिठाचे पाणी भरून थर्मास रात्रभर ठेवू नये. खडे मीठ घासण्यापुरते वापरले तरी ते लगेच धुऊन काढावे. हे ब्लीच आणि लिंबूसत्त्व किंवा व्हिनेगर एकत्र आल्यास क्लोरिन वायू निघतो, जो विषारी असतो, म्हणून ही दोन्ही द्रव्ये एकाच सिंकमध्ये एकापाठोपाठही वापरू नयेत. तारेच्या घासणीचे लोखंडी कण स्टीलवर रुतून गंजतात, आणि मग थर्मासच गंजला असा चुकीचा समज होतो. थर्मास शेगडीवर ठेवून आत पाणी उकळण्याचा प्रयत्न तर कधीच करू नये, कारण दुहेरी भिंतीमधील बंद जागा तापून भांडे फुटू शकते.

वाळवणे आणि पडताळणी

धुतलेला थर्मास ओट्यावर सपाट पालथा घातला, तर त्याचे तोंड बंद होऊन आतली ओल आतच कोंडते. तो जाळीवर किंवा लाकडी चमच्याच्या आधाराने तिरपा ठेवावा, म्हणजे तोंडाखालून हवा खेळते. शेवटचे धुणे गरम पाण्याने केले, तर भिंत काही वेळ उबदार राहते आणि उरलेले थेंब लवकर उडून जातात. पूर्ण वाळल्यावरही थर्मास आणि झाकण वेगवेगळेच ठेवावेत.

सफाई पूर्ण झाली की नाही हे ठरवण्याची खात्रीची पद्धत उष्णतेची आहे, कारण गार भांड्यात न जाणवणारा वास गरम पाण्यात वर येतो. स्टीलच्या थर्मासमध्ये उकळते पाणी भरावे, झाकण लावावे आणि तासाभराने उघडून प्रथम वाफेचा वास घ्यावा, मग पेल्यात ओतून पाण्याचा रंग पाहावा आणि चव घ्यावी. वास झाकणाजवळ येत असेल तर रिंगकडे परत जावे, पाण्याला पिवळट छटा असेल तर दुसऱ्या पायरीकडे, आणि साबणाची चव लागत असेल तर केवळ अधिक धुवावे. याच वेळी थर्मासची बाहेरची भिंत हाताला गरम लागली, तर भिंतींमधील निर्वात नाहीसा झाला आहे. तो दोष सफाईने दूर होत नाही आणि असा थर्मास चहा गरम ठेवू शकत नाही.

उदाहरणातील थर्मास या क्रमाने एका दुपारी स्वच्छ होईल, पण वापराची पद्धत तीच राहिली तर थर पुन्हा बसेल. त्या दिनक्रमात दोनच बदल पुरेसे आहेत. चहा संपताच थर्मास साध्या पाण्याने धुऊन उघडा ठेवावा, म्हणजे दूध वाळून पापुद्रा धरत नाही; आणि रात्री धुतल्यावर झाकण लावू नये. यांबरोबरच दुधाचा चहा थर्मासमध्ये कोमट होईपर्यंत ठेवणेही टाळावे. दूध उकळल्यावर बहुतेक जीवाणू मरतात, पण काहींचे चिवट बीजाणू टिकून राहतात, आणि चहाचे तापमान ६० अंशांच्या खाली उतरले की त्यांना वाढीची संधी मिळते. बोअरवेलचे पाणी असणाऱ्या घरांत महिन्यातून एकदा लिंबूसत्त्वाची फेरी केली, तर चहाच्या थराला आधार देणारे कॅल्शियम भिंतीवर साठत नाही, आणि परकार्बोनेटची गरजही क्वचितच पडते.